प्रथिनांच्या घडीचे राखणदार

प्रथिन पेशीत तयार होते ते सरळ साखळीच्या रूपात. वीस प्रकारची अमिनो आम्ले ठरलेल्या क्रमाने एकापुढे एक जोडली जातात आणि शंभर, दोनशे, कधी हजार कड्यांची एक लांब साखळी बनते. या रूपात तिचा काहीच उपयोग नसतो. साखळी वळते, दुमडते, तिचे लांबलांबचे भाग एकमेकांजवळ येतात आणि ठरावीक आकाराची घट्ट घडी पडते, तेव्हाच प्रथिन कामाचे होते. हिमोग्लोबिन प्राणवायू वाहते, इन्सुलिन पेशीच्या पृष्ठभागावर नेमके बसते, पचनाचा विकर अन्नाचे तुकडे करतो, ते सगळे या घडीच्या जोरावर.

ही घडी कशी पडायची हे कुठे लिहिलेले असते, याचे उत्तर अमेरिकेतील बेथेस्डा येथे ख्रिश्चन अ‍ॅनफिन्सन यांनी 1960 च्या आसपास केलेल्या प्रयोगांतून मिळाले. त्यांनी गाईच्या स्वादुपिंडातील रायबोन्यूक्लिएज हा विकर घेतला. त्याच्या साखळीत 124 अमिनो आम्ले असतात. त्यांपैकी आठ सिस्टीन असतात आणि ती जोडीजोडीने बांधली जाऊन चार बंध तयार होतात. अ‍ॅनफिन्सन यांनी युरियाच्या तीव्र द्रावणात हा विकर पूर्ण उलगडला आणि त्याचे चारही बंध तोडले. विकराचे काम अर्थातच थांबले. मग युरिया काढून टाकला आणि हवेतला ऑक्सिजन मिळू दिला. साखळीने आपली घडी आपणच परत घातली आणि विकर पूर्वीसारखा काम करू लागला.

आठ टोकांच्या चार जोड्या एकूण 105 प्रकारे लागू शकतात आणि त्यांपैकी एकच प्रकार बरोबर असतो. युरिया तसाच ठेवून आधी बंध जुळू दिले तर जोड्या वाटेल तशा लागत आणि जेमतेम एक टक्का कार्यक्षमता मिळे. युरिया आधी काढला तर मात्र साखळी नेमकी बरोबर जोडी निवडी. म्हणजे घडीची सगळी माहिती अमिनो आम्लांच्या क्रमातच असते, बाहेरून कोणी ती सांगावी लागत नाही. या कामासाठी अ‍ॅनफिन्सन यांना 1972 मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला.

निष्कर्ष खरा होता आणि आजही खरा आहे. पण प्रयोग परीक्षानळीतला होता. तिथे प्रथिनाचे द्रावण पातळ होते, विकर लहान आणि चिवट होता, आणि प्रत्येक साखळीला भरपूर मोकळी जागा होती. पेशीत यातले काहीच नसते.

पेशीच्या आत प्रथिने आणि इतर मोठे रेणू मिळून दर लिटरला तीनशे ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त भरतात. शिवाय साखळी तिथे एकदम पुरी तयार होऊन येत नाही. रायबोसोम तिचे एक टोक आधी बाहेर सोडतो आणि बाकीची मागून येत राहते. माणसाच्या पेशीत हा वेग सेकंदाला पाचएक अमिनो आम्लांचा असतो. चारशे अमिनो आम्लांच्या साखळीला मिनिटाहून अधिक वेळ लागतो. पहिला भाग बाहेर येऊन उभा असतो आणि ज्याच्याशी त्याची घडी जुळायची तो भाग अजून बनायचाच असतो.

खरी अडचण आहे ती काही अमिनो आम्लांच्या स्वभावात. त्यांना पाणी मानवत नाही. घडी नीट पडली की ही जलविरोधी आम्ले आतल्या बाजूला लपतात आणि पाण्याशी जमवून घेणारी बाहेर राहतात. घडी पुरी होण्याआधी मात्र ती उघडी असतात. पाण्यापासून दूर जाण्यासाठी ती आपल्याच साखळीतल्या योग्य भागाला चिकटतील किंवा शेजारच्या साखळीच्या तशाच उघड्या भागाला. दुसरे घडले की दोन साखळ्या अडकतात, त्यांना तिसरी चिकटते आणि गुठळी वाढत जाते. अंडे उकडताना हेच होते. उष्णतेने पांढऱ्या भागातल्या प्रथिनांच्या घड्या मोडतात, आतले जलविरोधी भाग उघडे पडतात, साखळ्या एकमेकींत गुंतून घट्ट होतात, आणि गार केल्यावर ते अंडे पुन्हा पातळ आणि पारदर्शक होत नाही.

जिवंत पेशी असे होऊ देत नाही, कारण तिच्याजवळ एक वेगळ्या कामाची प्रथिने असतात. ती दुसऱ्या प्रथिनांच्या उघड्या जलविरोधी भागांना तात्पुरती धरून ठेवतात, नको त्या ठिकाणी चिकटू देत नाहीत आणि वेळ आली की सोडून देतात. त्यांना शॅपरोन म्हणतात. तयार झालेल्या प्रथिनाचा ती भाग बनत नाहीत. ती घडीचा आकारही सांगत नाहीत, कारण तो अमिनो आम्लांच्या क्रमात आधीच ठरलेला असतो. चुकीची वाट बंद करणे एवढेच त्यांचे काम.

या प्रथिनांचा माग लागला तो अनपेक्षितपणे. इटलीतील फेरुचिओ रितोसा हे फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथींतील गुणसूत्रे पाहत होते. ही गुणसूत्रे इतकी जाड असतात की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात, आणि ज्या ठिकाणचे जनुक कामाला लागले असेल तिथे ती फुगतात. एकदा प्रयोगशाळेतल्या कोणीतरी उबवणपेटीचे तापमान वाढवून ठेवले. रितोसा यांना गुणसूत्रांवर कधी न दिसलेल्या जागी नवे फुगवटे दिसले. त्यांनी ते काम 1962 मध्ये प्रसिद्ध केले. या जनुकांपासून बनणारी प्रथिने हाती यायला 1974 उजाडले. त्यांना उष्माघात प्रथिने असे नाव पडले, इंग्रजी आद्याक्षरांवरून एचएसपी. पुढच्या काळात लक्षात आले की त्यांतली बरीचशी शॅपरोन आहेत, आणि उष्णता नसतानाही पेशीला ती सतत लागतात.

वाढलेल्या तापमानाची खबर पेशीला कशी लागते, हे या विषयातले एक सुंदर उत्तर आहे. एचएसएफ-1 नावाचे एक प्रथिन शॅपरोनची जनुके चालू करते. एरवी शॅपरोन स्वतःच त्याला धरून निष्क्रिय ठेवतात. तापमान वाढून प्रथिनांच्या घड्या मोडू लागल्या की शॅपरोन त्यांच्याकडे गुंततात, एचएसएफ-1 मोकळे होते, केंद्रकात जाते आणि नव्या शॅपरोनची निर्मिती सुरू करते. पुरेसे शॅपरोन तयार झाले की ते पुन्हा पकडले जाते. म्हणजे पेशी तापमान मोजत नाही, ती मोडलेल्या घड्यांचा भार मोजते. या यंत्रणेला केंद्रक, जनुके आणि रायबोसोम लागतात, हे लक्षात ठेवायला हवे, कारण पुढे डोळ्याच्या भिंगात हीच गोष्ट निर्णायक ठरते.

शॅपरोनच्या कामाच्या मुख्य तीन तऱ्हा आहेत. पहिली एचएसपी-70 या कुटुंबाची. 70 हा आकडा त्याच्या वजनाचा, सुमारे सत्तर हजार डाल्टन. त्याच्या एका भागात चिंचोळी खाच असते आणि तिच्यावर झाकण. रायबोसोमातून निघालेल्या साखळीचा सातएक अमिनो आम्लांचा जलविरोधी तुकडा त्या खाचेत बसतो. तो आणून देण्याचे काम एचएसपी-40 हे सोबतचे प्रथिन करते. पेशीतले ऊर्जाद्रव्य एटीपी खर्ची पडले की झाकण घट्ट मिटते आणि तुकडा अडकून राहतो. तिसरे एक प्रथिन वापरलेले एटीपी काढून तिथे नवे बसवते, झाकण उघडते, साखळी सुटते. सुटलेल्या क्षणात तिने बरोबर घडी घातली तर काम संपले. नाही घातली तर तिचे जलविरोधी भाग उघडेच राहतात आणि ती पुन्हा पकडली जाते. साखळी ओळखायला वेगळी तपासणी लागत नाही. घडी नीट पडली की पकडायला जागाच उरत नाही.

काही प्रथिनांना एवढ्याने भागत नाही. त्यांना शेजाऱ्यांपासून पूर्ण वेगळे ठेवावे लागते. हे समजले ते यीस्टच्या एका उत्परिवर्तित वाणामुळे. येल विद्यापीठातील आर्थर हॉर्विच आणि त्यांचे सहकारी मायटोकॉन्ड्रियात प्रथिने कशी शिरतात हे शोधत होते. त्यांना असा एक वाण सापडला की ज्यात प्रथिन मायटोकॉन्ड्रियाच्या आत व्यवस्थित पोहोचे, पण काम मात्र करत नसे. आत गेलेल्या साखळीची घडीच पडत नव्हती. बिघाड होता एचएसपी-60 या प्रथिनात. म्युनिकमधील उलरिख हार्टल यांच्यासोबत केलेले हे काम 1989 मध्ये प्रसिद्ध झाले. पेशीतल्या साखळ्या आपापल्या घड्या घालतात हा समज तिथे संपला.

एचएसपी-60 चा जीवाणूतला भाऊबंद ग्रोइएल. त्याची रचना इतकी नीट माहीत आहे की तो काम कसा करतो हे पायरीपायरीने सांगता येते. सात एककांची एक कडी, तशाच दुसऱ्या कडीला पाठीला पाठ लावून बसलेली. दोन्ही कड्यांच्या मधोमध पोकळी. पोकळीच्या तोंडाशी जलविरोधी पट्टी असते आणि अर्धवट घडीची साखळी तिला चिकटते. मग सातही एककांवर एटीपी बसते, आणि ग्रोइएस नावाचे सात एककांचे झाकण वरून लागते. झाकण लागताना भिंतींची एकके वर उचलली जाऊन वळतात. जलविरोधी पट्टी झाकणाकडे आणि सांध्यांकडे वळते, पोकळीची आतली बाजू पाणी मानवणारी होते, आणि साखळी भिंतीपासून सुटून आत पडते. आता ती एकटी आहे, तिला चिकटायला दुसरे कोणी नाही. एटीपी खर्च व्हायला दहाएक सेकंद लागतात, आणि घडीसाठी तिला तेवढाच वेळ मिळतो. त्यानंतर पलीकडच्या कडीवर एटीपी बसले की अलीकडचे झाकण उडते आणि साखळी बाहेर पडते, घडी झालेली असो वा नसो. नसेल तर फेरी पुन्हा. पोकळीत साधारण साठ हजार डाल्टनपर्यंतचेच प्रथिन मावते, त्याहून मोठ्यांना हा मार्ग नाही. पोकळी फक्त एकांत देते की घडीचा वेगही वाढवते, यावर संशोधकांत अजून मतभेद आहेत.

तिसरी तऱ्हा सर्वांत साधी आणि या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. लहान उष्माघात प्रथिने एटीपी वापरत नाहीत, घडी घालायला मदतही करत नाहीत. बिघडू लागलेल्या प्रथिनाला ती नुसती चिकटून राहतात. गुठळी होऊ द्यायची नाही, एवढेच. सुधारणा एचएसपी-70 सारखे दुसरे कोणी करील तर करील. माणसाच्या शरीरात अशी प्रथिने सर्वांत मोठ्या प्रमाणात आढळतात ती डोळ्याच्या भिंगात.

भिंगाचे काम विलक्षण आहे. त्याच्या वजनाचा तिसरा भाग किंवा त्याहूनही जास्त प्रथिनांचा असतो, आणि तरीही त्यातून प्रकाश आरपार जायला हवा. ही प्रथिने मुख्यतः तीन गटांची : अल्फा, बीटा आणि गॅमा क्रिस्टलिन. ती इतक्या दाटीने, इतकी सारखी पसरलेली असतात की प्रकाश विखुरत नाही. मध्येच प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपास जाणारी मोठी गुठळी तयार झाली तर मात्र तो विखुरतो, आणि भिंग धूसर दिसते. त्यालाच मोतीबिंदू म्हणतात.

पारदर्शक राहण्यासाठी भिंगाच्या तंतुपेशी मोठी किंमत मोजतात. वाढता वाढता त्या आपले केंद्रक, मायटोकॉन्ड्रिया, रायबोसोम, प्रकाश अडवील असे सगळे काही मोडून टाकतात. त्यानंतर त्यांत नवे प्रथिन बनत नाही आणि जुने काढून टाकण्याची सोयही जवळजवळ राहत नाही. नव्या पेशी बाहेरून थरावर थर चढत जातात, त्यामुळे मधल्या गाभ्यात जन्माच्या आधीचे भिंग तसेच राहते. कोपनहेगनच्या संशोधकांनी 2008 मध्ये हे मोजून दाखवले. 1963 पर्यंत वातावरणात झालेल्या अणुचाचण्यांनी हवेतल्या किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण जवळपास दुप्पट झाले होते आणि नंतर ते उतरत गेले. मृत व्यक्तींच्या भिंगाच्या गाभ्यातल्या क्रिस्टलिनमध्ये या कार्बनचे जे प्रमाण मिळाले ते त्या व्यक्तीच्या जन्माच्या सुमाराच्या हवेशी जुळणारे होते. सत्तर वर्षांच्या माणसाच्या डोळ्यात सत्तर वर्षांचे प्रथिन असते, असे म्हणण्यात जराही अतिशयोक्ती नाही.

इतकी वर्षे ते टिकते कसे? उत्तराची पहिली खूण 1982 मध्ये मिळाली. फळमाशीच्या लहान उष्माघात प्रथिनांचा अमिनो आम्लक्रम अल्फा क्रिस्टलिनशी जुळतो असे दिसून आले. मग 1992 मध्ये जोसेफ हॉरविट्झ यांनी सरळ प्रयोग केला. बीटा आणि गॅमा क्रिस्टलिनचे द्रावण तापवले की ते गढूळ होते. त्यातच अल्फा क्रिस्टलिन घालून तापवले तर ते स्वच्छ राहते. भिंगाला भक्कमपणा देणारा साधा माल समजला गेलेला अल्फा क्रिस्टलिन शॅपरोन निघाला. भिंगातल्या विद्राव्य प्रथिनांत त्याचा वाटा एक तृतीयांशाच्या आसपास असतो. एवढा मोठा हिस्सा शॅपरोनचा असलेली दुसरी ऊती शरीरात नाही.

हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी या संस्थेत चि. मोहन राव यांच्या गटाने या प्रथिनावर दीर्घकाळ काम केले. त्यांचा एक साधा प्रयोग फार बोलका आहे. इन्सुलिनचे दोन धागे गंधकाच्या बंधांनी जोडलेले असतात. बंध तोडणारे रसायन घातले की त्यातला एक धागा गुठळ्या होऊन खाली बसतो, आणि त्यासाठी तापवावेही लागत नाही. त्यामुळे तापमान बदलून अल्फा क्रिस्टलिनची क्षमता वेगळी मोजता येते. तापमान वाढवले की अल्फा क्रिस्टलिन स्वतः थोडे सैल होते, त्याचे जलविरोधी पृष्ठभाग अधिक उघडे पडतात आणि ते गुठळी जास्त चांगली रोखते, असे त्यात आढळले.

अल्फा क्रिस्टलिनचे सुटे रेणू एकएकटे राहत नाहीत. दोन डझनांपासून चाळीसपर्यंत आणि कधी त्याहूनही जास्त रेणूंचे गोळे बनतात, रेणू एका गोळ्यातून दुसऱ्यात ये-जा करतात आणि बिघडू लागलेले बीटा किंवा गॅमा क्रिस्टलिन दिसले की त्याला गोळ्यात सामावून घेतात. असे बिघाड रोज होत असतात. काही अमिनो आम्लांमधला अमाइड गट गळून पडतो आणि तिथे ऋण विद्युतभार येतो. गंधकयुक्त अमिनो आम्लांचे ऑक्सिडीकरण होते. अतिनील किरण आणि साखर आपापली भर घालतात. यातला प्रत्येक फरक लहान असतो, पण प्रथिन बदलले जात नसल्यामुळे सगळे साठत जातात.

इथे हिशेब सरळ आहे. एकदा चिकटलेला अल्फा क्रिस्टलिन मोकळा होत नाही, कारण बिघडलेले प्रथिन दुरुस्त करणारी किंवा मोडून टाकणारी यंत्रणा गाभ्यात उरलेली नसते. नवा शॅपरोन येत नाही, कारण केंद्रक नाही. एचएसएफ-1 ची घंटा वाजवायलाही तिथे कोणी नाही. जन्माला येताना मिळालेला साठा आयुष्यभर पुरवायचा असतो. माणसाच्या भिंगांची तपासणी करता असे दिसते की चाळीस ते पन्नास या वयात गाभ्यातला विद्राव्य अल्फा क्रिस्टलिन जवळजवळ संपतो. त्याच सुमारास भिंग कडक होते आणि जवळचे वाचायला चष्मा लागतो. मानवी भिंगे 50 अंश सेल्सियसला ठेवून मुद्दाम अल्फा क्रिस्टलिन खर्ची पाडला तर तीही तशीच कडक होतात. चाळिशी आणि मोतीबिंदू हे एकाच घसरणीचे दोन टप्पे आहेत, ही कल्पना त्यामुळे बळावली. ती पूर्णपणे सिद्ध झाली असे नाही, पण पुरावे तिच्या बाजूने झुकतात. साठा संपल्यानंतर बिघडलेल्या प्रथिनांना आवरणारे कोणी राहत नाही. गुठळ्या वाढतात, गाभा पिवळा, मग तपकिरी होत जातो. मधुमेहात साखर प्रथिनांना चिकटून हाच क्रम लवकर घडवते, म्हणून मधुमेह्यांना मोतीबिंदू लवकर होतो.

शॅपरोनच बिघडला तर काय होते हे निसर्गाने दाखवून ठेवले आहे. 1998 मध्ये एका कुटुंबात जन्मतःच मोतीबिंदू असण्याचे कारण सापडले. अल्फा-ए क्रिस्टलिनच्या साखळीतल्या 116 व्या जागी आर्जिनिनऐवजी सिस्टीन हे अमिनो आम्ल आले होते. त्याच वर्षी अल्फा-बी क्रिस्टलिनमध्ये तशाच जागचे, 120 वे आर्जिनिन बदलल्याचे दुसऱ्या एका कुटुंबात आढळले. अल्फा-बी भिंगाबरोबर हृदयात आणि स्नायूंतही असतो. त्यामुळे या कुटुंबात मोतीबिंदू तर होताच, पण स्नायूंच्या पेशींतही डेस्मिन या प्रथिनाच्या गुठळ्या झाल्या होत्या आणि स्नायू दुबळे पडले होते. हैदराबादच्या गटाने पुढच्या वर्षी प्रयोगशाळेत हे दोन्ही बदल घडवून पाहिले. एका अमिनो आम्लाच्या फरकाने शॅपरोनची रचना विस्कटते आणि त्याची गुठळी रोखण्याची क्षमता फार कमी होते.

मोतीबिंदूतल्या गुठळ्या वेड्यावाकड्या, आकार नसलेल्या असतात. मेंदू, हृदय आणि नसांच्या काही रोगांत गुठळीची तऱ्हा वेगळी असते. तिथे चुकीच्या आकारात वळलेल्या साखळ्या एकीवर एक नीट रचल्या जाऊन लांब, ताठ तंतू तयार होतात, दोन थरांमध्ये अंतर अर्ध्या नॅनोमीटरहून किंचित कमी. त्यांना अ‍ॅमिलॉइड म्हणतात. ऊतीच्या पातळ कापावर काँगो रेड हा रंग टाकून ध्रुवित प्रकाशात पाहिले तर अ‍ॅमिलॉइड हिरवट चमकते, आणि रोगनिदानशास्त्रज्ञ आजही त्यावरून ते ओळखतात. अल्झायमरमध्ये अ‍ॅमिलॉइड-बीटा नावाच्या लहान तुकड्याचे आणि पार्किन्सनमध्ये अल्फा-सिन्यूक्लीन या प्रथिनाचे तंतू सापडतात. सुरुवातीला बराच काळ काही होत नाही, पण एकदा लहानसा तंतू तयार झाला की नव्या साखळ्या त्याच्या टोकाला वेगाने चिकटत जातात. भिंगात गुठळी हाच रोग असतो. मेंदूत मात्र तंतू बनण्याआधीचे लहान पुंजके पेशींना जास्त घातक ठरतात, असा बऱ्याच संशोधकांचा अंदाज आहे. वाढत्या वयात शॅपरोनची यंत्रणा मंदावते आणि चेतापेशी विभागून नव्या होत नाहीत, त्यामुळे हे रोग बहुधा उतारवयात दिसतात.

शॅपरोनचे काम औषधाने करता येते का, याचे एक खणखणीत उत्तर ट्रान्सथायरेटिन या प्रथिनाने दिले आहे. हे यकृतात बनते आणि रक्तातून थायरॉइडचे संप्रेरक वाहते. रक्तात एटीपी वापरणारे शॅपरोन नसतात, त्यामुळे पेशीबाहेर पडल्यावर ते स्वतःच्या भरवशावर असते. त्याची चार एकके एकत्र असली तर ते सुरक्षित असते. ती सुटी झाली की प्रत्येकाची घडी सैल पडते आणि अ‍ॅमिलॉइड तयार होते. पोर्तुगालच्या उत्तर किनाऱ्यावरच्या कोळी कुटुंबांत पायांच्या संवेदना जाण्यापासून सुरू होणारा आनुवंशिक रोग डॉक्टर कोरिनो आंद्राद यांनी 1952 मध्ये वर्णन केला, तो या प्रथिनातल्या 30 व्या जागी व्हॅलिनऐवजी मेथिओनिन आल्याचा परिणाम. जेफ्री केली यांच्या गटाने थायरॉइड संप्रेरकाच्या रिकाम्या खाचेत बसणारा एक लहान रेणू शोधला, टाफामिडिस. तो खाचेत बसला की चारही एकके एकत्र धरली जातात. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ट्रान्सथायरेटिनमुळे हृदय निकामी होत चाललेल्या 441 रुग्णांपैकी 30 महिन्यांत औषध घेणाऱ्यांतले 29.5 टक्के आणि न घेणाऱ्यांतले 42.9 टक्के दगावले. मात्र आधी साचलेले अ‍ॅमिलॉइड हे औषध काढून टाकत नाही. ते फक्त पुढची भर थांबवते, म्हणून लवकर सुरू केले तरच त्याचा खरा फायदा होतो.

मोतीबिंदूसाठी असा रेणू मिळेल अशी आशा 2015 मध्ये निर्माण झाली. लॅनोस्टेरॉल आणि त्याच्या जवळच्या आणखी एका स्टेरॉलने क्रिस्टलिनच्या गुठळ्या विरघळतात असे दोन नामांकित नियतकालिकांत प्रसिद्ध झाले, आणि प्राण्यांच्या भिंगांतही सुधारणा दिसल्याचे सांगण्यात आले. त्यानंतर भारतातील नेत्रतज्ज्ञांनी शस्त्रक्रियेत काढलेले मानवी मोतीबिंदूचे गाभे लॅनोस्टेरॉलमध्ये ठेवून पाहिले, पण ते स्वच्छ झाले नाहीत. इतर प्रयोगशाळांतही तो परिणाम मिळाला नाही. दशकानुदशके साचलेल्या आणि रासायनिक बंधांनी बांधल्या गेलेल्या गुठळीसाठी ताज्या प्रथिनावरचा प्रयोग पुरेसा पुरावा नव्हता. त्यामुळे मोतीबिंदू विरघळवणारे थेंब म्हणून कोणी काही देत असेल तर ते घेऊन वेळ घालवू नये. आजवर कोणत्याही औषधाने माणसाच्या डोळ्यातला मोतीबिंदू गेल्याचे सिद्ध झालेले नाही.

शस्त्रक्रियेत धूसर भिंग काढून त्याच्या आवरणात अ‍ॅक्रिलिकचे भिंग बसवतात. त्यात प्रथिने नसल्यामुळे त्याला मोतीबिंदू होत नाही. काही रुग्णांना पुढे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागते ते आवरणावर राहिलेल्या पेशी वाढल्यामुळे, आणि लेसरने तो पडदा काही मिनिटांत मोकळा करता येतो.